पुरलेल्या पाईपमधलं गरम तेल शेवटाला किती अंशांवर पोचतं?

जुलैचा महिना होता. निपाणीच्या बाजूला एका कारखान्यात फर्नेस ऑईलची लाईन जमिनीखालून टाकीपासून बॉयलर हाऊसपर्यंत गेलेली आहे, ८०० मीटर. पहिल्या शंभर मीटरवर एक व्हॉल्व्हचं चेंबर आहे. नव्याने लागलेल्या डिप्लोमावाल्या पोराने तिथे थर्मामीटर लावून बघितला. टाकीकडून निघताना ८० अंश, चेंबरमध्ये ७३. त्याने वहीत लिहिलं: शंभर मीटरला सात अंश, म्हणजे आठशेला आठ साते छप्पन्न, म्हणजे बॉयलरपाशी २४ अंश. वही माझ्यापुढे धरून म्हणाला, "सर, तेल गोठणार."

मी त्याला एवढंच विचारलं, "एक मीटर खाली माती किती अंशांवर आहे?" ती आम्ही आदल्याच आठवड्यात मोजली होती. २५. म्हणजे त्याच्या हिशेबाप्रमाणे तापवलेलं तेल आजूबाजूच्या मातीपेक्षाही गार होऊन बाहेर पडणार होतं. तो हसला आणि वही मिटली. त्या दिवशी बॉयलरपाशी प्रत्यक्षात ४४ अंश होते.

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो. मीटरमागे अमुक अंश असा पाईपचा ठराविक दर नसतोच. तेल मातीपेक्षा जितकं गरम, तितकी उष्णता पळते. तेल निवत जातं तसा फरक कमी होतो आणि पुढच्या मीटरला कमी उष्णता जाते. सुरुवातीला उतार तीव्र, पुढे मंद, आणि मातीच्या तापमानाच्या खाली कधीच नाही. यालाच घातांकी घट म्हणतात. हा हिशेब कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत होतो. त्यात घालायचे आकडे कुठून आणायचे आणि आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हा त्यातला खरा भाग आहे. त्याच लाईनवर तो करून दाखवतो.

आधी जागेवर जाऊन काय मोजायचं

पाईप चार इंची, बाहेरून ११४ मिलिमीटर. आतून साधारण १०२. तेल तासाला २,००० किलो, म्हणजे सेकंदाला ०.५५६ किलो. फर्नेस ऑईलची विशिष्ट उष्णता या तापमानाला किलोमागे सुमारे २,००० ज्यूल प्रति अंश धरली तरी चालते. निघतानाचं तापमान टाकीवरच्या थर्मामीटरवरून घेऊ नका, आउटफ्लो हीटरच्या पुढे पाईपवर घ्या. टाकीतलं तेल मुद्दामच कमी तापवलेलं असतं, कारण फर्नेस ऑईलचा फ्लॅश पॉईंट किमान ६६ अंश एवढाच असतो आणि उघड्या टाकीत त्याच्या वर जाणं धोक्याचं आहे.

खोली मोजताना ड्रॉइंगवर भरवसा ठेवू नये. चर खणताना एक मीटर ठरलेला असतो, मधे जांभ्याचा दगड लागला की जेसीबीवाला वीस सेंटिमीटरवर तडजोड करतो आणि वर भराव टाकला की ते कुणाला दिसत नाही. खोली जमिनीपासून पाईपच्या मध्यापर्यंत धरायची, पाठीपर्यंत नाही. आपल्या लाईनवर ती एक मीटर आहे.

मातीचं तापमान पाईपजवळ मोजू नका, तिथली माती पाईपनेच तापवलेली असते. पाच-सात मीटर बाजूला, तेवढ्याच खोलीचं भोक पहारीने पाडून त्यात थर्मामीटर अर्धा-एक तास ठेवायचा, वरून चिंधी कोंबायची. एक मीटर खाली दिवस-रात्रीचा फरक पोचत नाही, ऋतूचा थोडा पोचतो. आमच्याकडे मे महिन्यात २८ आणि जुलैत २५ मिळाले. हवेचं तापमान या हिशेबात घालू नका. मे महिन्यात दुपारी वर ३७ असले तरी पाईपला त्याचं काही नाही.

आता राहिली माती किती उष्णता वाहून नेते ही गोष्ट. सगळा हिशेब तिच्यावर डोलतो आणि ती मोजायला सगळ्यात अवघड. कोरडी, भुसभुशीत माती मीटर-अंशामागे अर्ध्या वॅटच्या आसपास वाहून नेते. ओलसर दाबलेली एक वॅटच्या आसपास, आणि पाण्याने भरलेली चिकण माती दीडपर्यंत जाते. फरक पाण्यामुळे पडतो: मातीच्या कणांमधल्या हवेच्या जागी पाणी आलं की उष्णतेला वाट मिळते.

आपल्या भागात हे फार जाणवतं. खानापूरच्या बाजूला जांभा आणि तांबडा मुरूम, त्यातून पाणी झरझर निघून जातं. निपाणी, चिकोडी, अथणीकडे काळी. कन्नड बोलणारा जेसीबीवाला काळीला यरी म्हणतो आणि तांबडीला मसारी, आणि कुठली माती कुठे संपते हे त्याला भूगर्भाच्या नकाशापेक्षा बरोबर ठाऊक असतं, त्यालाच विचारा. काळी माती पावसात पाणी धरून बसते, तेव्हा पाईपची उष्णता सगळ्यात जास्त पळते. उन्हाळ्यात तीच भेगाळते. भेग पाईपपर्यंत पोचली तर तिथे हवा शिरते. शिवाय गरम पाईप स्वतःभोवतीची माती वाळवतो, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या वितीभर थरातलं पाणी तोच हाकलून देतो. म्हणून एका मातीला वर्षभर एकच आकडा लावणं चूक आहे. पहिल्या हिशेबाला मी एक घेतो, मग कोरडा आणि ओला असे दोन टोकाचे आकडे घालून बघतो.

मातीचा विरोध

जमिनीचा वरचा पृष्ठभाग आणि पाईप यांच्यामधली माती हा एक विरोध आहे, तारेला विजेचा असतो तसाच. एक मीटर लांबीच्या पाईपसाठी तो असा निघतो:

```
R = ln(4*z/D) / (2*pi*k)
```

यात `z` म्हणजे पाईपच्या मध्यापर्यंतची खोली, `D` बाहेरचा व्यास, दोन्ही मीटरमध्ये, आणि `k` मातीची वाहकता. खोली व्यासाच्या दीडपटीपेक्षा जास्त असली की हे सूत्र चालतं. आपल्याकडे ती जवळजवळ नऊपट आहे, तेव्हा चिंता नाही. पाईप अगदी उथळ असेल तर `ln(4*z/D)` च्या जागी `acosh(2*z/D)` घ्यायचं.

चार भागिले ०.११४ म्हणजे ३५.१. त्याचा नैसर्गिक लॉग ३.५६. कॅल्क्युलेटरवर `log` नव्हे, `ln` दाबायचं. ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे आणि दोन्ही वेळा उत्तर इतकं बरं दिसलं की संशय आला नाही. ३.५६ ला ६.२८ ने भागलं, `k` एक धरलं, तर विरोध ०.५६६ येतो. अर्थ असा की एका मीटर पाईपमधून एक वॅट बाहेर ढकलायला ०.५६६ अंशांचा फरक लागतो.

इथे एक मिनिट थांबून सूत्राकडे बघा. खोली लॉगच्या आत आहे. चर एकाऐवजी दोन मीटर खणला, खर्च दुप्पट केला, तर लॉग ३.५६ वरून ४.२५ होतो, म्हणजे विरोध वाढला जेमतेम एकोणीस टक्के. वाहकता मात्र लॉगच्या बाहेर, भागाकारात आहे. ती दुप्पट झाली की विरोध थेट अर्धा. "अजून खोल गाडू या" असं कुणी म्हटलं तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. ट्रॅक्टरच्या नांगरापासून पाईप वाचवायला खोली ठीक आहे, उष्णतेसाठी नाही.

उतारलांबी आणि शेवटचं तापमान

प्रवाह, विशिष्ट उष्णता आणि विरोध यांचा गुणाकार केला की मीटरमध्ये एक अंतर मिळतं. मी त्याला उतारलांबी म्हणतो, हा माझा घरचा शब्द आहे. तेवढं अंतर गेल्यावर तेल आणि माती यांच्यातला फरक मूळच्या सुमारे ३७ टक्के उरतो.

```
Lc = m * cp * R
T  = Ts + (T0 - Ts) * exp(-x / Lc)
```

यात `m` प्रवाह, `cp` विशिष्ट उष्णता, `T0` निघतानाचं तापमान, `Ts` मातीचं, आणि `T` म्हणजे `x` मीटर गेल्यावरचं. आपल्या लाईनला ०.५५६ गुणिले २,००० म्हणजे १,१११. त्याला ०.५६६ ने गुणलं की ६२९ मीटर. लाईन ८०० ची, म्हणजे घातांक १.२७. `exp(-1.27)` म्हणजे ०.२८. सुरुवातीचा फरक ८० वजा २५, पंचावन्न. त्याचा ०.२८ पट म्हणजे १५.४. त्यात मातीचे २५ मिळवले की ४०.४ अंश.

हेच शीटवर मांडलं तर आकडे बदलून बघायला सोपं जातं. `B1` मध्ये निघतानाचं तापमान, `B2` माती, `B3` प्रवाह सेकंदाला किलोत, `B4` विशिष्ट उष्णता, `B5` व्यास, `B6` खोली, `B7` वाहकता, `B8` लांबी. मग:

```
B9:  =LN(4*B6/B5)/(2*PI()*B7)
B10: =B3*B4*B9
B11: =B2+(B1-B2)*EXP(-B8/B10)
```

या हिशेबात मधल्या जागा काय सांगतात तेही बघा. पहिल्या शंभर मीटरमध्ये ८ अंश जातात, शेवटच्या शंभरात पावणेतीन सुद्धा नाहीत. अर्ध्या वाटेवर, ४०० मीटरला, ५४ अंश. सरळ रेषेने काढलं असतं तर ६० आले असते. म्हणून मधल्या चेंबरमधला आकडा बघून शेवटाचा अंदाज बांधायचा असेल तर नुसते अंश बघू नका, मातीपेक्षा किती वर आहे ते बघा. अर्ध्या वाटेवर फरक ५५ चा २९ झाला, म्हणजे ०.५३ पट. उरलेल्या अर्ध्यात तो पुन्हा ०.५३ पट होणार, म्हणजे १५.४. झालं उत्तर.

लाईन अर्धी मुरमात आणि अर्धी काळीत असेल तरी हीच रीत. प्रत्येक तुकड्याची स्वतःची उतारलांबी काढा, तुकड्याची लांबी तिने भागा, आलेले घातांक बेरजेत घ्या, आणि `exp` एकदाच करा.

हे उत्तर खरं आहे का?

वाहकता दीड धरली, म्हणजे जुलैची भिजलेली काळी, तर उतारलांबी ४१९ मीटर होते आणि शेवटाला ३३ अंश येतात. पण त्या दिवशी थर्मामीटर ४४ दाखवत होता. अकरा अंशांचा फरक. पोराला वाटलं थर्मामीटर बिघडला.

थर्मामीटर बरोबर होता. आपण सगळा विरोध मातीचाच धरला होता. पण उष्णतेला आधी तेलातून पाईपच्या भिंतीपर्यंत यायला लागतं. पाणी असतं तर हा टप्पा विसरला तरी चाललं असतं. जाड तेल मात्र पाईपमध्ये घुसळत नाही, थराथराने सरकतं. या लाईनचा रेनॉल्ड्स अंक ८० अंशांनाच दीडशेच्या आसपास आहे, पुढे आणखी कमी. घुसळण सुरू व्हायला तो २,३०० च्या वर लागतो. भिंतीलगतचं तेल गार होऊन चिकटून बसतं आणि मधल्या गरम तेलाला आतून रजईसारखं पांघरूण घालतं.

शांत थराथराच्या प्रवाहात या आतल्या विरोधाची वरची मर्यादा काढता येते:

```
R_in = 1 / (pi * k_oil * Nu)
```

तेलाची वाहकता ०.१२ आणि `Nu`, म्हणजे नुसेल्ट अंक, ३.६६ घेतला की ०.७२५ येतो, म्हणजे मातीच्या ०.५६६ पेक्षाही जास्त. दोन्हींची बेरीज करून `k` एकच्या हिशेबात घातली तर शेवटाचं तापमान ४०.४ ऐवजी ५६ च्या वर जातं. प्रत्यक्षात आतला विरोध एवढा नसतो, कारण भिंतीजवळचं गार तेल जड होऊन खाली उतरतं आणि गरम वर चढतं, त्याने थोडं मिसळणं होतं. शिवाय सुरुवातीच्या भागात गार थर अजून पुरता जमलेला नसतो.

म्हणजे एकाऐवजी दोन उत्तरं हाती येतात. फक्त माती धरली तर सगळ्यात गार उत्तर, माती आणि शांत तेल दोन्ही धरलं तर सगळ्यात गरम. खरं तापमान या दोघांच्या मधे. पंप चालेल का एवढंच बघायचं असेल तर फक्त मातीचं गार उत्तर धरा, त्यात चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते. पण बॉयलरपाशी बर्नरच्या आधीचा हीटर किती मोठा घ्यायचा हे ठरवताना त्या गार उत्तरावरून जरूरीपेक्षा मोठा हीटर घेतला जातो.

लाईनलाच विचारायचं

लाईन चालू असेल तर अंदाज करत बसण्यापेक्षा सूत्र उलटं फिरवा. दोन टोकांची तापमानं आणि मातीचं तापमान माहीत असलं की एकूण विरोध काढता येतो.

जुलैत: निघताना ८०, पोचताना ४४, माती २५. फरक ५५ चा १९ झाला, म्हणजे ०.३४५ पट. त्याचा `ln` उणे १.०६. लाईनची लांबी ८०० भागिले १.०६ म्हणजे उतारलांबी सुमारे ७५३ मीटर. तिला १,१११ ने भागलं की विरोध ०.६८.

मे महिन्यात: निघताना ८०, पोचताना ५२, माती २८. फरक ५२ चा २४. तोच हिशेब केला की विरोध ०.९३.

एका दिवसाच्या मोजणीतून फक्त बेरीज कळते, माती किती आणि तेल किती ते वेगळं होत नाही. दोन ऋतूंची मोजणी असली की थोडं उलगडतं. आतला विरोध मे आणि जुलैत सारखाच, कारण तेल तेच, प्रवाह तोच. मग ०.२५ चा फरक मातीचाच. वाहकता मे मध्ये ०.९ आणि जुलैत १.५ धरली तर मातीचा विरोध ०.६३ आणि ०.३८ येतो, फरक बरोबर ०.२५, आणि दोन्ही वेळा तेलाच्या वाट्याला ०.३ उरतात. आमच्या लाईनला मी तेव्हापासून हेच आकडे वापरतो. मे मध्ये ०.८ आणि जुलैत १.२ घेतले तरीही गणित जवळपास जुळतं, हे मात्र लक्षात असू द्या.

मोजताना एका गोष्टीत हमखास फसगत होते. या पाईपमध्ये सुमारे साडेसहा घनमीटर, म्हणजे सहा टन तेल मावतं. तासाला दोन टन जातं. तेव्हा आत्ता बॉयलरपाशी आलेलं तेल तीन तासांपूर्वी टाकीकडून निघालेलं आहे. दोन्ही टोकांना एकाच वेळी वाचन घेतलंत आणि मधे कुणी हीटरचा थर्मोस्टॅट हलवला असेल तर आलेला विरोध निव्वळ कचरा. आधी तीन-चार तास निघतानाचं तापमान आणि प्रवाह स्थिर ठेवा, मग पोचतानाचं वाचन घ्या.

प्रवाह अर्धा झाला की

फोन येतात ते याच कारणाने. उतारलांबीत प्रवाह सरळ गुणाकारात आहे. प्रवाह अर्धा झाला की उतारलांबी अर्धी, घातांक दुप्पट, आणि फरकाचं गुणोत्तर स्वतःनेच गुणलं जातं. जुलैचं ०.३४५ होतं. त्याचा वर्ग ०.१२. पंचावन्नचा ०.१२ पट म्हणजे साडेसहा. ४४ अंशांवर पोचणारं तेल आता साडेएकतीसवर पोचतं.

बारा-तेरा अंश गेले म्हणून काय झालं, असं वाटेल. पण आपण वापरतो त्या मध्यम प्रतीच्या तेलाची घट्टपणाची मर्यादाच ५० अंशांना १८० सेंटिस्टोक आहे, आणि या पट्ट्यात दर दहा अंश खाली गेलं की घट्टपणा जवळपास दुप्पट होतो. थराथराच्या प्रवाहात पाईपमधला दाब घट्टपणाच्या प्रमाणात वाढतो. गिअर पंप तेवढंच तेल ढकलत राहतो, दाब चढतो, आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडून थोडं तेल परत सक्शनला पाठवतो. म्हणजे लाईनमध्ये जाणारं तेल आणखी कमी झालं. कमी तेल म्हणजे आणखी गार, आणखी घट्ट, रिलीफ आणखी उघडा. पंपाचा आवाज नेहमीचा, मोटरचे अँपियरही फार वेगळे नाहीत, हीटरपाशी ८० अंश आहेत. आणि बॉयलर अटेंडंट मामा फोनवर सांगतात, "साहेब, तेल यीना झालंय."

ओळखायची खूण म्हणजे पंपाच्या डिस्चार्जचा गेज रिलीफच्या आकड्यावर चिकटलेला असतो आणि रिलीफची परतीची नळी हाताला गरम लागते. एरवी ती गार असते. अशा वेळी लोक आधी हीटर वाढवतात. त्याचा उपयोग व्हायला तीन तास लागतात, आणि आता प्रवाह अर्धा असल्यामुळे सहा. आधी शेवटाकडचा खप वाढवायचा. बॉयलर जास्त घेऊ शकत नसेल तर रिंग लाईनचा परतीचा व्हॉल्व्ह उघडून तेल टाकीकडे फिरवायचं. प्रवाह वाढला की पहिल्या शंभर मीटरमधलं गरम तेल पुढे सरकतं आणि दाब उतरायला लागतो. परतीची लाईन नसेल तर रात्रपाळीत बॉयलरचा भार कमी करायच्या आधी हा हिशेब करून बघा. भार अर्ध्यावर आणणाऱ्याला पाईपची आठवण सहसा नसते.

कव्हर घालायचं का

पैशाचा हिशेब केला तर गंमत होते. जुलैच्या दिवशी लाईनमधून ४० किलोवॅट उष्णता जमिनीत जात होती. तेवढ्यासाठी तासाला साडेतीन-चार किलो तेल लागतं, दोन हजार किलोंपैकी. निव्वळ इंधन वाचवायला ८०० मीटर उकरून कव्हर घाला असं मी कुणाला सांगणार नाही. रात्रपाळीतले फोन थांबवायला मात्र सांगेन.

पंचवीस मिलिमीटर जाडीचं पीयू फोमचं कव्हर, वाहकता ०.०३, एकटंच १.९ विरोध देतं. मातीचे ०.३८ किंवा ०.६३ त्याच्यापुढे किरकोळ. जुलैचं उत्तर ४४ वरून साडेसहासष्टवर जातं आणि मे महिन्याचं ५२ वरून अडुसष्टवर. उष्णता वाचते हे खरंच, पण त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे दोन ऋतूंमधलं आठ अंशांचं अंतर दोनवर आलं. माती भिजली का वाळली, याची लाईनला फिकीर उरली नाही.

फक्त हे कव्हर कोरडं राहायला हवं. काळ्या मातीत काचलोकर गुंडाळून वर टारफेल्ट बांधलेलं मी पाहिलंय. एका पावसाळ्यानंतर उकरलं तेव्हा आत चिखल होता, आणि पुढच्या जुलैत विरोध मोजला तर उघड्या पाईपच्या आसपासच आला. काळी माती फुगताना आणि आक्रसताना सांधे ओढते, पाणी तिथून शिरतं. पुरायचं असेल तर बंद पेशींचा फोम आणि बाहेरून अखंड प्लॅस्टिकचं आवरण असलेला तयार पाईप घ्या, आणि सांध्यांवरचं काम स्वतः उभं राहून करून घ्या. वर्षातून एकदा, पावसाळ्यात, विरोध मोजायचा. तो गेल्या वर्षीपेक्षा खाली आला असेल तर कुठेतरी पाणी शिरलंय.

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा

वरचा सगळा हिशेब माती आधीच तापून स्थिर झाल्यावरचा आहे. लाईन दहा-पंधरा दिवस बंद राहिली की पाईपभोवतीची माती निवते, आणि एक मीटरभर माती पुन्हा तापायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ती उष्णता नुसती वर पोचवत नाही, स्वतःही पित राहते. पहिल्या दिवसांत शेवटाचं तापमान शीटमधल्या आकड्यापेक्षा कमी येतं, पहिल्या काही तासांत बरंच कमी. शिवाय बंद काळात पाईपमधलं तेल मातीच्या तापमानाला येऊन पडलेलं असतं, नोव्हेंबरात आमच्याकडे २३-२४ ला. फर्नेस ऑईलचा पोअर पॉईंट, म्हणजे ज्याच्या खाली तेल वाहतच नाही ते तापमान, कधी कधी याच्या आसपासच असतो.

म्हणून दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आम्ही फर्नेस ऑईलचा सप्लाय बंद करून लाईनमध्ये सहा-साडेसहा हजार लिटर हलकं डिझेल ऑईल ढकलतो, बॉयलरपाशी पातळ तेल दिसेपर्यंत. सुट्टीनंतर आधी ते जाळायचं. त्याच्या मागून गरम फर्नेस ऑईल येतं, आणि पहिले दोन-तीन दिवस परतीचा व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून प्रवाह नेहमीच्या दीडपट फिरवायचा. पोर आता बॉयलरपाशी दर तासाला तापमान लिहितं, आणि त्या वहीत पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात मातीचं तापमान असतं.